संध्याकाळी भरायची टाकी

मला इंजिनाचा आता मनापासून वीट आलाय. कानात त्याचा ठोका असतो, इंजिन बंद असलं तरी असतो. हाताच्या रेघांत घासलेटाचा वास इतका मुरलाय की भाकरी खाताना तो आधी नाकात जातो. तरी पण संध्याकाळ झाली की मी डबा उचलतो आणि टाकी जवळजवळ काठापर्यंत भरतो. नवी पोरं हसतात. “उद्या सकाळी भरा की, आता कुठं पळून चाललीय टाकी?” म्हणतात. त्यांना सांगत बसायचा कंटाळा येतो. एकदा इथं सांगून टाकतो, म्हणजे सुटलो.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरपासून बैलगाडीनं पहाटे निघालं तर उन्हं चढायच्या आत पोचवणारं. मालकाचा सगळा ऊस नदीकडेला. काठावर बुडकी खणलेली, म्हणजे नदीचं पाणी आत झिरपून येतं ती विहीर, आणि तिच्यावर मोट. ती मोट माझा बा हाकायचा. बैल धावेवरनं, म्हणजे मोटेपुढच्या उतारावरनं, खाली पळायचे तेव्हा बा नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचा, आणि बैल मागं सरत वर यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला अंग लावून चढ चढायचा. दिवसभर हेच. खाली बसून, वर चालत. माझ्या आठवणीत बा कधी तरणा नव्हताच. त्याचे गुडघे मला मिसरूड फुटायच्या आत गेले. रात्री आई एरंडाचं पान तव्यावर शेकून त्याला बांधायची आणि बा भिंतीकडं तोंड करून पडायचा, म्हणजे आम्हाला त्याचं तोंड दिसू नये.

महाराजांच्या राज्यात तेव्हा नवं नवं काय काय येत होतं. मालकानं तेलावरचं इंजिन आणलं. बसवायला शहरातनं एक मिस्त्री आला होता, मुसलमान, दाढी मेंदीनं लाल केलेली. गावातली सगळी त्याला चाचा म्हणायला लागली, मीही. त्यानं मला हाताखाली घेतलं आणि जाताना इंजिन माझ्या हवाली करून गेला. मोट सोडून ठेवली. बा त्या दिवशी बुडकीच्या काठावर बसून नुसता पट्टा फिरताना बघत होता. मग मला म्हणाला, “हे मी मरूस्तवर चालंल न्हवं?”

“चालंल की. न चालायला काय झालं?”

“मग झालं,” म्हणाला. “ह्या गुडघ्यानं आता पुन्ना धाव चढायची न्हाय.”

बस, एवढंच होतं सगळं. इंजिन चाललं तर बा बसून राहणार, इंजिन पडलं तर मोट पुन्हा जुंपणार. मोट हाकणारी तरणी माणसं गावात राहिली नव्हती. विलायतेत लढाई सुरू झालेली, कुणी पलटणीत गेलं, कुणी धरणाच्या कामावर. म्हणजे इंजिनाच्या जिवावर माझ्या बाचे गुडघे होते, आणि मी जो काय जिवाचा आटापिटा करायचो तो त्या गुडघ्यांसाठी.

आता इंजिनाचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाणी उपसायचा पंप वेगळा, तो मोठा, पट्ट्यावर फिरतो. मी सांगतोय तो तेलाचा पंप. बोटाएवढा. इंजिनाच्या बैठकीत लोखंडी टाकी असते, तिच्यातलं घासलेट हा पंप वर ओढतो आणि इंजिनाच्या तापलेल्या डोक्यात ठोक्याठोक्याला थेंब थेंब मारतो. त्याच्या नळीत एक दट्ट्या वर-खाली होतो. तो नळीत इतका बेतानं बसवलेला असतो की मध्ये केस मावायचा नाही. त्याला ना वंगण, ना काही. घासलेटच त्याचं वंगण. त्या घासलेटात पाणी आलं की दट्ट्या कोरडा घासतो, गंज आला की कापला जातो. चाचानं जाताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. “काम झालं की डोकं गार होऊ दे, मग टाकी भर, मग घरला जा. सकाळी भरीन म्हणशील तर रात्रभर हवा भरंल तिच्यात.”

आम्ही ते करत होतो. पण लढाईनं घासलेट मिळेनासं झालं. गावात दिवे विझले. आणि एक दिवस कुणीतरी रात्री टाकीचं झाकण उघडून दोन-चार तांबे तेल नेलं. कुणाच्या घरात बाळंतीण असेल, कुणाला अंधारात आजारी म्हातारी बघायची असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. मालक मात्र भडकला. त्यानं हुकूम सोडला, की रोज संध्याकाळी टाकीतलं तेल काढून डब्यात घ्यायचं, डबा त्याच्या वाड्यात कुलपात ठेवायचा, आणि सकाळी पुन्हा आणून ओतायचं. हे काम त्यानं बाला दिलं.

इथंच घोळ झाला बघा. बाला किती आनंद झाला म्हणून सांगू! मोट सुटल्यापासून तो नुसता ओझ्यासारखा बसून असायचा, कुणी काम सांगेना. आता त्याच्या कमरेला कुलपाची किल्ली आली. संध्याकाळी तो लंगडत यायचा, टाकीचं झाकण उघडायचा आणि टिनाच्या डावानं तेल काढत बसायचा. गाळ ढवळू नये म्हणून हळूहळू काढायचा. तळाला दोनेक बोटं तेल राहायचं, तिथं डाव पोचायचा नाही. मग डबा डोक्यावर घेऊन वाड्याकडं निघायचा. वाटेत कुणी विचारलं, “काय आबा, कुठं?” तर म्हणायचा, “इंजिनाची राखण करतोय.” हे म्हणताना त्याची छाती अशी फुगायची.

मी त्याला म्हटलं, “बा, रिकामी टाकी बरी न्हाय. चाचानं सांगितलंय.”

“का? रिकामी टाकी काय चावतीया व्हय?”

“आरं, रात्री नदीचं धुकं येतंय. लोखंड गार पडतंय. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम फुटतो, तसा टाकीला आतनं फुटतोय. भरलेली असली तर आत हवाच न्हाय, घाम फुटायचा कुठनं?”

“त्यो पुसून काढू.”

“कसा पुसणार? झाकणातनं हात तरी जातोय का तुझा? त्यो घाम खाली तेलात उतरतोय. पाणी जड, ते तळाला बसतंय. आणि पंपाची नळी तळातनंच वडती.”

बानं डाव बाजूला ठेवला. मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. “मालक म्हणतोय, भरलेल्या टाकीवर इंजिन जास्त पितंय. बैलापुढं पेंडी जास्त टाकली की त्यो जास्तच खातोय की.”

“बैल न्हवं ते, बा!” मी ओरडलो. “पंप मोजून घेतोय. एका ठोक्याला जेवढं त्याच्या नळीत मावंल तेवढंच. जादा झालं तर इंजिनच ते परत टाकीत सोडतंय. टाकीत घागर असू दे न्हायतर तांब्या असू दे, त्याला काय कळतंय?”

बानं किल्ली कमरेला चाचपली आणि म्हणाला, “मला राखण करायला सांगितलीया, मी राखण करतो.” ते काम काढून घेतलं तर बाजवळ दुसरं काही नव्हतं. मालकाशीही भांडलो मी, तर तो म्हणाला, “तुझा बा शहाणा हाय, त्याच्याकडनं शीक जरा.” मी हात टेकले.

पहिला हिवाळा कसाबसा निघाला. रोज सकाळी बा डबा आणून धपकन ओतायचा आणि तळातलं पाणी, गंजाची भुकटी सगळं ढवळून निघायचं. मी डोक्याखाली दिवा लावून ते लाल होईस्तवर तापवायचो, पंपाचा दांडा हातानं दोन-चारदा मारायचो, चाक फिरवायचो. इंजिन लागायचं आणि थोड्या वेळानं फुसफुस करायला लागायचं. पाण्याचा थेंब डोक्यात गेला की ठोका चुकायचा. चार ठोके चुकले की डोकं गार पडायचं आणि इंजिन बंद. मग पुन्हा दिवा, पुन्हा तापवणं. दिव्यालाही तेल लागतंच की. मालकाला वाटायचं, रिकाम्या टाकीनं तेल वाचतंय. त्याचं तेल दिव्याच्या तोंडातनं जात होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. माझा जीव मेटाकुटीला यायचा. दुपारपर्यंत माझे दंड भरून यायचे चाक फिरवून फिरवून.

मग पावसाळा आला. पावसात इंजिनाला काम नसतं, ऊस आभाळावर सोडायचा. मी मालकाच्या पाया पडून सांगितलं, निदान एवढे महिने तरी टाकी भरून ठेवा, चोर शोधून काढू, मी तिथं झोपतो. तो म्हणाला, “एवढं तेल चार महिने उगंच टाकीत कुजवायचं व्हय?” ती टाकी आषाढापासून कोरडी ठेवली. कोरडी म्हणायची, इतकंच. नदी काठावर चढलेली, भिंतींना बुरशी, मीठ पाणी होऊन वाहिलेलं, आणि त्या लोखंडी पोटात ती ओली हवा दिवसरात्र श्वास घेत होती.

दिवाळीनंतर इंजिन लावलं तेव्हा पंपाचा आवाजच बदलला होता. कच्च कच्च करत होता. मी दट्ट्या काढून बघितला तर त्याच्यावर उभ्या रेघा पडलेल्या, नखाला लागतील अशा. त्या रेघांतनं तेल मागं गळायचं. ठोक्याला पुरं तेल जाईना. मी दट्ट्याभोवती तेल गळू नये म्हणून कोंबलेली सुताची दोरी बदलली, नळी धुतली, काय काय केलं. नवा दट्ट्या मिळायचा म्हटलं तर तो यायचा बोटीनं, विलायतेहून, आणि लढाई असताना कसली बोट आणि कसलं काय! तसाच रेटला हिवाळाभर. बा रोज संध्याकाळी यायचा आणि डावानं तेल काढायचा. मी त्याच्याकडं बघतही नसे. घरात आमचं बोलणं बंद पडल्यासारखं झालेलं.

चैत्रात, ऊस उन्हानं पिवळा पडायला लागला होता तेव्हा, पंप अडकला. दट्ट्या नळीत असा घट्ट बसला की हातोडीशिवाय निघेना. काढला तो अर्धा खरवडून निघाला. मी तो हातात घेऊन बसलो. मालक येऊन उभा राहिला, बघितलं आणि म्हणाला, “बैल आणा.”

मोट पुन्हा जुंपली. मी म्हटलं, मी हाकतो. सकाळभर हाकलीही. पण ते बैल बाच्या आवाजावर मोठे झालेले. खाली पळायचे, मागं सरायचं म्हटलं की मान वळवून उभे. एक तर धावेवरच आडवा झाला. बा काठावर बसून बघत होता. मग तो उठला. फडक्यानं गुडघे आवळून बांधले, माझ्या हातातला आसूड घेतला आणि म्हणाला, “तू जा शेराला. पंप कर दुरुस्त.”

“बा, तुला जमायचं न्हाय.”

“जा म्हणलं न्हवं!”

मी गाडी जुंपून निघालो आणि वळून बघितलं. बा नाड्यावर बसून खाली जात होता. वर येताना त्यानं बैलाच्या शिंगाला धरलं होतं. बैल हाकत नव्हता तो, बैलच त्याला वर ओढत होता. मला तिथंच रडू आलं, लाज कसली त्याची.

चाचाचं लेथचं दुकान शहरात एका बोळात होतं. एक पोऱ्या चाक फिरवायचा तेव्हा लेथ चालायचं. चाचानं दट्ट्या हातात घेतला, चष्मा वर केला, बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. “हा मेला न्हाय बेटा,” म्हणाला, “ह्याला मारलाय. टाकी रिकामी ठेवता व्हय?”

मी सगळं सांगितलं. किल्ली, डाव, बा, सगळं. तो हसला नाही. म्हणाला, “नळी पण कापलीय. नळी मोठी करावी लागंल, आणि तिच्या मापानं जाडा दट्ट्या. जुन्या आसाचं पोलाद हाय माझ्याकडं. करून देतो. पण तुझा बाप रोज टाकी उपसणार आसंल, तर पुढच्या चैतात मला बोलवू नको. मी पुन्ना करणार न्हाय.” मग म्हणाला, “त्याला रागं भरू नको. त्याचा हात टाकीत घाल. हाताला कळतं.”

काम सोपं नव्हतं. तो कातायचा, नळीत घालून बघायचा, बारीक भुकटी लावून घासायचा, पुन्हा बघायचा. मी दुकानातच झोपलो. कातकामाचा आवाज ऐकत मला धावेवरचा बा दिसायचा. शेवटी एक दिवस चाचानं नळीचं खालचं तोंड बोटानं दाबलं, वरनं दट्ट्या सोडला, आणि तो मधेच थांबला, खाली पडेना. हवा कोंडून धरली होती त्यानं. चाचानं बोट काढलं तेव्हा तो सावकाश खाली उतरला. “ने,” म्हणाला.

मी परत आलो तेव्हा बा खाटेवर होता. धावेवर पाय घसरून पडला होता. गुडघा घागरीएवढा सुजलेला. मोट थांबलेली, ऊस माना टाकून उभा. मालक कुणावर तरी ओरडत होता.

पंप बसवायच्या आधी मी टाकी बैठकीतनं सोडवली. झाकण लहान, पण तिच्या बाजूला साफ करायची एक चकती होती, आजवर कुणी उघडली नव्हती. ती काढली. मी आणि एका गड्यानं धरून टाकी घरासमोर आणली आणि बाच्या खाटेजवळ ठेवली. मी त्याचा हात धरला आणि आत घातला.

बा बराच वेळ आत चाचपत राहिला. तळ, कोपरे, वरचं छत. हात बाहेर काढला तो कोपरापर्यंत विटकरी झालेला. तळातलं पाणी बोटांतनं खाली ठिबकत होतं. त्यानं त्याचा वास घेतला.

“ह्यात तेल न्हाय की,” म्हणाला. “निस्तं पाणी हाय.”

“व्हय.”

“वरनं सुदिक गंजलीया.”

“रात्रीचं वर तेल न्हवतंच की कधी, बा.”

तो हात तसाच धरून बसला. मग म्हणाला, “मालकाला बोलव.”

मालक आला. बानं कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्यापुढं ठेवली. त्या किल्लीशिवाय बाला काय होतं? पण बा म्हणाला, “धनी, राखण मी करतो. पर रिकाम्या टाकीची न्हाय. माझी खाट इंजिनाच्या खोलीत टाका. भरल्या टाकीजवळ झोपतो. कोण येतोय तेल न्यायला बघतोच.”

मालक कुरकुरला. जास्त पिणार, जास्त पिणार, तेच त्याचं. तेव्हा बानं एक बाभळीची काठी मागितली आणि मला तिच्यावर खुणा करायला लावल्या. टाकी धुतली, वाळवली, तळाचं गंजून घट्ट बसलेलं बूच तापवून सोडवलं आणि पंप बसवला. मग एक आठवडा टाकी भरून इंजिन चालवलं. रोज संध्याकाळी काठी घालून मालकासमोर बघायचं किती गेलं, आणि तेवढंच वर घालायचं. दुसरा आठवडा टाकीत अर्धंच तेल ठेवून चालवलं. खुणेला खूण जुळली. इंजिन दोन्हीकडं तेवढंच प्यालं. आणि सकाळचा दिवा एकदाच पेटायचा, पुन्हा तापवायची भानगड नाही. मालकानं काठी उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, “बरं, बरं, भरा.” हरल्यासारखं तोंड करून गेला. पण वाईट माणूस नव्हता तो. खाटेवर घालायला घोंगडं पाठवून दिलं.

मग बा कायमचा इंजिनापाशीच राहायला गेला. गुडघा काही सरळ झाला नाही त्याचा. मोट मात्र पुन्हा जुंपली नाही. संध्याकाळी मी इंजिन बंद केलं की तो डोकं गार व्हायची वाट बघायचा, दिवा लांब ठेवायला लावायचा, आणि टाकी भरायचा. काठापासून बोटभर खाली, म्हणजे उन्हानं तेल फुगलं तर वाहू नये. फडक्यातनं गाळून, हळू, आवाज न करता. दर आठवड्याला खालचं बूच सोडून वाटीत थोडं काढायचा आणि मला दाखवायचा. पहिल्यांदा थेंबभर पाणी दिसायचं. नंतर तेही दिसेना. “निवळशंख हाय बघ,” म्हणायचा, जणू त्याच्याच अंगातनं काढलंय. पावसाळ्यातसुद्धा टाकी भरलेली. तेल चोरायला पुन्हा कुणी आलं नाही. आलं असेल तर बानं दिलंही असेल, मला कधी बोलला नाही. पंपाचा दट्ट्या चाचानं केलेला, पण जगवला तो बानं. किती वर्षं जगवला!

महाराज गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात बा गेला. झोपेतच. सकाळी मी नेहमीसारखा गेलो तर तो घोंगड्यात तसाच. मालक म्हणाला, इंजिन राहू दे, तुझं दिवसकार्य होऊ दे. पण ऊस काय थांबतोय? दहावं झाल्यावर मी खोलीत गेलो. झाकण उघडून काठी घातली. टाकी भरलेली होती. काठापासून बोटभर खाली. शेवटच्या संध्याकाळी भरली होती त्यानं, आणि मग झोपला होता.

डोकं तापवून पंपाचा दांडा दोनदा मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. एक ठोका चुकला नाही. मी दिवसभर काठी घालून बघत होतो. तेल खाली चाललं होतं आणि मला ते बघवेना. अर्ध्यावर आलं तेव्हा मी इंजिन बंद करून टाकलं. अर्धा ऊस कोरडाच राहिला. मालक बांधावर आला, माझ्याकडं बघितलं आणि परत गेला.

संध्याकाळी डोकं गार झाल्यावर मी डबा घेतला आणि बाच्या तेलावर नवं तेल ओतलं. फडक्यातनं गाळून, हळू. तेव्हापासून ती टाकी मी एकदाही रिकामी होऊ दिलेली नाही. रोज जेवढं जातं तेवढंच वर घालायचं, म्हणजे त्याचं थोडं तरी तिच्यात राहणारच. पोरं म्हणतात, म्हातारा पंपासाठी करतोय. म्हणू देत की.